टेक्सास सिटी अपघात अहवालाचा मराठी अनुवाद: कामाच्या नोंदी

4 फेब्रुवारी

23 मार्च 2005 रोजी दुपारी अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या रिफायनरीत स्फोट झाला. 15 माणसे गेली, 180 जखमी झाली. तपास यू.एस. केमिकल सेफ्टी बोर्डाने केला आणि 2007 च्या मार्चमध्ये अंतिम अहवाल काढला. अहवाल 300 हून अधिक पानांचा आहे. त्यातला त्या दिवसाचा घटनाक्रम आणि कारणांविषयीचे निष्कर्ष एवढा भाग मराठीत आणायचे काम मी घेतले आहे. वाचणार आहेत प्लांटमध्ये पॅनेलवर बसणारे आणि फील्डवर फिरणारे ऑपरेटर. प्रशिक्षणात हा मजकूर त्यांच्या हातात पडेल आणि त्यावर चर्चा होईल. असे काम दुसऱ्या कुणाला करायचे असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

अपघात थोडक्यात असा. दुरुस्तीनंतर युनिट चालू करत होते. युनिटमध्ये 170 फूट उंच टॉवर होता. त्याच्या तळाशी थोडेच द्रव राहायला हवे होते, पण तो जवळजवळ माथ्यापर्यंत भरला. द्रव माथ्यावरून वरच्या पाइपलाइनमध्ये उतरले, दाब जास्त झाला की आपोआप उघडणारे रिलीफ व्हॉल्व्ह उघडले, द्रव ब्लोडाउन ड्रममध्ये, म्हणजे असा सोडलेला माल घेणाऱ्या टाकीत गेले आणि ड्रमच्या उंच स्टॅकमधून कारंज्यासारखे बाहेर पडले. वाफेचा ढग जमिनीलगत पसरला आणि पेटला. मेलेली सगळी माणसे जवळच्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास होती. ते ट्रेलर तात्पुरती ऑफिसे म्हणून वापरात होते.

आज पहिल्या पानापासून सरळ अनुवादाला बसलो. सहा तासांत आठ पाने झाली. वेग चांगला आहे असे वाटले.

6 फेब्रुवारी

ती आठ पाने बाद केली.

कारण एकच वाक्य. पहाटे 3:30 च्या सुमारास रात्रपाळीच्या ऑपरेटरने फीड, म्हणजे टॉवरमध्ये येणारा माल, थांबवले, तेव्हाची स्थिती मी अशी लिहिली होती: "या वेळी टॉवर 99 टक्के भरला होता." मूळ अहवालात असे कुठेही नाही. 99 टक्के हा आकडा लेव्हल ट्रान्समीटरचा आहे. तो ट्रान्समीटर टॉवरच्या तळाच्या 9 फुटांतल्या फक्त 5 फुटांच्या पट्ट्यातली पातळी दाखवायचा. म्हणजे शून्य टक्के साधारण 4 फुटांवर आणि 100 टक्के 9 फुटांवर. त्या वेळी द्रव प्रत्यक्षात सुमारे 13 फुटांवर होते. टॉवर 170 फुटांचा. म्हणजे माझ्या वाक्यात टॉवर भरून वाहायच्या बेतात होता आणि प्रत्यक्षात तो दहा टक्केही भरला नव्हता.

हे वाक्य प्रशिक्षणात गेले असते तर वाचणाऱ्याने काय समजून घेतले असते? रात्रपाळीने टॉवर काठोकाठ भरला आणि दिवसपाळीने वर आणखी फीड घातले. एका वाक्याने दोन माणसांवर आरोप आला असता. आणि खरा मुद्दा हरवला असता. ट्रान्समीटरची मर्यादा संपली होती, त्यापुढे पातळी कितीही चढली तरी तो 100 च्या पुढे जाऊ शकत नव्हता, हा तो मुद्दा.

आता आधी तक्ता करायचा, अनुवाद नंतर. तक्त्यात सहा रकाने ठेवले: वेळ, कुठली वस्तू, पॅनेलवर काय दिसत होते, प्रत्यक्षात काय होते, कृती कुणी केली (किंवा आपोआप झाली), आणि ही माहिती तपासणाऱ्यांना कशावरून मिळाली. शेवटचा रकाना मी आधी ठेवला नव्हता, दुपारी घातला. नोंदवलेला आकडा, साक्षीदाराचे सांगणे आणि मागाहून केलेले गणित यांचा भाव अहवालात वेगळा असतो. मराठीत तिन्हीकडे नुसते "होते" लिहिले की तो फरक पुसला जातो.

वेळा सगळ्या चोवीस ताशी पद्धतीने. "पहाटे", "सकाळी", "दुपारी" हे शब्द वाचायला बरे, पण 12:41 च्या मागे "दुपारी" लिहायला विसरलो तर ते रात्रीचे होतात, आणि इथे घटनाक्रम मध्यरात्रीनंतर सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो.

गेले दोन दिवस फुकट. तक्त्याला आणखी दोन लागतील.

9 फेब्रुवारी

तक्ता झाला, 57 ओळी. त्यातल्या सहा ओळी इथे देतो. पुढच्या नोंदी त्यांच्याच भोवती फिरणार आहेत.

03:09. ट्रान्समीटरवर 72 टक्के, उच्च पातळीचा अलार्म वाजला. त्याच्या वर 78 टक्क्यांसाठी दुसरा, स्वतंत्र अलार्म होता, तो वाजला नाही.

03:30 च्या सुमारास. ट्रान्समीटरवर 99 टक्के. फीड थांबवले.

09:51. दिवसपाळीत फीड पुन्हा सुरू. थोड्याच वेळात फर्नेसचे बर्नर पेटवले.

12:41. टॉवरमधला दाब वाढल्याचा अलार्म. ऑपरेटरांनी चेनने चालवायचा व्हॉल्व्ह हाताने उघडून दाब ब्लोडाउनकडे सोडला, फर्नेसचे दोन बर्नर बंद केले.

13:04. ट्रान्समीटरवर 78 टक्के. प्रत्यक्ष पातळी 158 फूट.

13:14. तीन रिलीफ व्हॉल्व्ह उघडले, सहा मिनिटे उघडे राहिले. 13:20 ला स्फोट.

13:04 ची ओळ तपासताना गणित केले. 4 फूट अधिक 5 फुटांचे 78 टक्के म्हणजे 7.9 फूट. पॅनेल सांगत होते आठ फुटांहून कमी, द्रव होते 158 फुटांवर. आणि सकाळपासून पॅनेलवरचा आकडा खाली खाली येत होता. हे असे का झाले ते कळल्याशिवाय वाक्य नीट लिहिताच येत नव्हते, म्हणून ट्रान्समीटरचा भाग पुन्हा वाचला. हा ट्रान्समीटर डिस्प्लेसर जातीचा. द्रवात बुडालेल्या दांड्यावर द्रवाचा जो वरचा रेटा येतो, त्यावरून तो पातळी सांगतो. दांडा पूर्ण बुडाला की पातळी आणखी चढल्याने रेटा वाढत नाही. रेटा बदलतो तो फक्त घनतेने. फर्नेस पेटल्यावर द्रव तापत गेले, हलके होत गेले, रेटा कमी झाला आणि ट्रान्समीटरने पातळी उतरते आहे असे दाखवले. त्यात कॅलिब्रेशनही जुन्या माहितीवर, चुकीच्या विशिष्ट गुरुत्वावर केलेले होते.

हे समजल्यावर शब्द ठरवले आणि सगळीकडे तेच वापरायचे असा नियम केला. ट्रान्समीटरच्या आकड्याला "दर्शवलेली पातळी", टॉवरमधल्या द्रवाला "प्रत्यक्ष पातळी". नुसता "पातळी" हा शब्द घटनाक्रमात एकदाही यायचा नाही. टक्का आला की "ट्रान्समीटरवर" हा शब्द सोबत हवा. फूट आले की "प्रत्यक्ष" हवे. वाचायला किंचित जड होते, पण हा जडपणा मी पत्करतो. मूळ इंग्रजीतही काही ठिकाणी नुसते "लेव्हल" आहे. तिथे तक्ता बघून ठरवले, आणि एका ठिकाणी तक्त्यावरूनही कळले नाही तेव्हा मागची चार पाने पुन्हा वाचली.

11 फेब्रुवारी

दुसरा मसुदा, पहिली 14 पाने. शेजारच्या टेबलावर तांत्रिक पुस्तिकांचा अनुवाद करणाऱ्या ताई बसतात. त्यांनी मूळ अहवाल पाहिलेला नाही. त्यांना फक्त मराठी वाचायला दिले. पंधरा मिनिटांनी त्यांनी दोन वाक्यांवर बोट ठेवले.

"12:41 ला व्हेंटचा व्हॉल्व्ह उघडला. 13:14 ला तीन रिलीफ व्हॉल्व्ह उघडले. हे दोन्ही कुणी उघडले हो?"

मी म्हटले, "पहिला ऑपरेटरांनी. दुसरे आपले आपण, दाबाने."

"मग तसे लिहा ना. मला वाटले, दोन्ही वेळा माणसानेच उघडले."

बरोबर होते त्यांचे. "उघडणे" हे क्रियापद मराठीत दोन्हीकडे चालते. दार वाऱ्याने उघडते आणि आपणही दार उघडतो. भूतकाळात कर्ता गाळला की दोन्ही वाक्ये अक्षर न अक्षर सारखी होतात: "व्हॉल्व्ह उघडला." इंग्रजी अहवालात कर्मणी रचना आणि अकर्मक रचना वेगळ्या दिसतात, त्यामुळे तिथे फरक राहतो. आपल्याकडे तो नाहीसा होतो. आणि अपघाताच्या अहवालात हाताने उघडलेला व्हॉल्व्ह आणि दाबाने उघडलेला व्हॉल्व्ह यांत सगळे काही आहे. पहिला म्हणजे माणसाने घेतलेला निर्णय, दुसरा म्हणजे यंत्रणेने केलेले संरक्षण.

"बंद करणे" आणि "बंद होणे" यांत असा घोटाळा होत नाही, पण तिथे वेगळी चूक केली होती. टॉवरच्या तळातून माल बाहेर जाण्याच्या लाइनवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह सकाळी फीड सुरू झाले तरी बंदच होता. मी लिहिले होते, "व्हॉल्व्ह बंद ठेवला गेला." यात कुणीतरी जाणूनबुजून ठेवल्याचा सूर येतो. अहवाल तिथे स्थिती सांगतो आणि पाळीबदलातल्या अपुऱ्या निरोपांचा विषय वेगळा मांडतो. म्हणून "व्हॉल्व्ह बंद होता." एवढेच.

नियम लिहून भिंतीवर लावला: माणसाची कृती असेल तर कर्ता वाक्यात दिसलाच पाहिजे, "ऑपरेटरांनी" किंवा "बोर्ड ऑपरेटरने", म्हणजे पॅनेलवर बसणाऱ्याने. यंत्राची असेल तर "आपोआप" किंवा "दाबाने", पण अहवालात तसे म्हटले असेल तरच. स्थिती असेल तर नुसते "होता". कर्ता अहवालातच नसेल तर आपण घालायचा नाही, "करण्यात आले" लिहायचे आणि तक्त्यात खूण करायची. अशा सात खुणा झाल्या.

13 फेब्रुवारी

गॅलनची चूक. रिलीफ व्हॉल्व्हमधून सुमारे 52,000 गॅलन द्रव गेले. मी रूपांतर ब्रिटिश गॅलनने केले, 2,36,000 लिटर. अहवाल अमेरिकी आहे. अमेरिकी गॅलन 3.785 लिटरचा, म्हणून सुमारे 1,97,000 लिटर. जवळजवळ 40,000 लिटर मी हवेतून आणले होते. सगळी रूपांतरे पुन्हा केली. अर्धा दिवस गेला. रूपांतराचा आकडा मूळ आकड्यापेक्षा जास्त नेमका दिसू नये याचीही काळजी घेतली: "सुमारे" असेल तर लिटरमध्येही "सुमारे" आणि शेवटी शून्ये.

17 फेब्रुवारी

हा दिवस माझ्या मते या कामातला सगळ्यात उपयोगी होता, म्हणून सविस्तर लिहितो.

घटनाक्रमाचा मसुदा सलग वाचला. मराठी गुळगुळीत होते, आणि तेच खटकले. मूळ अहवाल इतका गुळगुळीत नाही. तिथे घटना सुट्या सुट्या येतात: अमुक वाजता हे झाले, अमुक वाजता ते झाले. माझ्या मराठीत त्या एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. "पर्यवेक्षक कौटुंबिक अडचणीमुळे निघून गेल्याने बोर्ड ऑपरेटर एकटाच राहिला आणि टॉवर भरत गेला." वाचताना छान वाटते. पण टॉवर भरत गेला तो आत फीड येत होते आणि तळातून काही बाहेर जात नव्हते म्हणून. पर्यवेक्षक गेल्याची घटना अहवालात तिच्या वेळेवर नोंदलेली आहे, आणि स्टार्टअपच्या वेळी अनुभवी देखरेख नव्हती हा निष्कर्ष पुढे वेगळा, स्वतःच्या पुराव्यासह मांडलेला आहे. मी दोन्ही एका "-ल्याने" मध्ये बांधून तपासणाऱ्यांनी न काढलेला निष्कर्ष काढला होता.

मराठीत हे फार सहज होते. "-ल्यावर" म्हणजे वेळ आणि "-ल्याने" म्हणजे कारण, एवढा फरक आपण सगळे जाणतो, पण लिहिताना हात लय बघून कुठलाही प्रत्यय उचलतो. "तेव्हा" आणि "मग" तर त्याहून फसवे. "तेव्हा" म्हणजे त्या वेळी, आणि "तेव्हा" म्हणजे म्हणूनही. "दाब वाढला, तेव्हा व्हॉल्व्ह उघडला" याचे दोन अर्थ होतात आणि वाचणारा न सांगता दुसरा घेतो. "-ताच" मध्ये आणखी एक दावा लपलेला असतो, की मध्ये वेळ गेलाच नाही. "पातळी माथ्यावर पोहोचताच" असे मी लिहिले होते, आणि तक्त्यात त्या दोन ओळींमध्ये काही मिनिटे होती.

मसुदा साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढला आणि शोध घेतला:

```
grep -nE 'ल्याने|मुळे|म्हणून|तेव्हा|मग' ghatnakram.txt
```

यात "मग" शोधताना प्रत्येक "कामगार" सापडतो, ते सोडून द्यायचे. आणि "दाबाने", "उष्णतेने" असे नुसत्या "-ने" चे कारण यात सापडत नाही, ते डोळ्यांनीच पाहावे लागले. खरी म्हणावी अशी 118 ठिकाणे निघाली. प्रत्येकापुढे मूळ इंग्रजी वाक्य ठेवले. 31 ठिकाणी मूळ वाक्यात कारण नव्हतेच, फक्त क्रम होता. ती सगळी "-ल्यानंतर" केली किंवा वाक्य तोडून वेळ पुढे लिहिली. उलटही सापडले. सहा ठिकाणी मूळ वाक्यात स्पष्ट कारण होते आणि मी "आणि" ने भागवले होते. त्यातले एक महत्त्वाचे होते. तळातून बाहेर जाऊ लागलेला गरम माल आत येणाऱ्या फीडला हीट एक्स्चेंजरमध्ये तापवतो. 12:42 च्या पुढे ऑपरेटरांनी तो माल बाहेर सोडायला सुरुवात केली, म्हणजे टॉवर रिकामा करण्याचे पाऊल उचलले. त्याच पावलाने आत येणारे फीड एकदम तापले, टॉवरमधले द्रव फुगले आणि माथ्यावरून गेले. मी लिहिले होते, "माल बाहेर सोडला आणि फीडचे तापमान वाढले." इथे "आणि" लिहिणे म्हणजे निष्कर्ष गिळणे. आता असे आहे: "बाहेर जाणाऱ्या गरम मालाने हीट एक्स्चेंजरमध्ये फीड तापवले. त्यामुळे फीडचे तापमान वेगाने वाढले."

घटनाक्रमात "तेव्हा" आणि "मग" यांना आता पूर्ण बंदी. पाच तास लागले. एवढे करायला नको होते असे एकदाही वाटले नाही.

18 फेब्रुवारी

काळाचा प्रश्न. अहवाल मध्येच मागे जातो. 13:04 ची घटना सांगताना आधीच्या स्टार्टअपविषयी सांगतो, ट्रान्समीटरच्या जुन्या कॅलिब्रेशनविषयी सांगतो. बोलताना आपण "केले होते", "गेला होता" हे दूरच्या भूतकाळासाठी सर्रास वापरतो, आणि माझ्या मसुद्यात सगळ्याच ओळी "होते" ने संपत होत्या. त्यामुळे मागची घटना कुठली आणि त्या दिवसाची कुठली हे ओळखू येईना. आता घटनाक्रमातली घटना साध्या भूतकाळात: "थांबवले", "वाजला", "उघडले". "-ले होते" फक्त तेव्हाच, जेव्हा ती गोष्ट त्या क्षणाच्या आधी घडून गेलेली आहे. 20 पानांवर फिरून बदल केले.

21 फेब्रुवारी

निष्कर्षांचा भाग सुरू. इथे शब्दांचे वजन मोजावे लागते.

"चूक" हा शब्द मी पहिल्या मसुद्यात 26 वेळा वापरला होता. मूळ वाक्ये पाहिली तर चुकीला जुळणारा शब्द त्यातल्या चारच ठिकाणी होता. बाकी ठिकाणी कुठे अलार्म न वाजणे होते, कुठे व्यवस्थेतली उणीव होती, कुठे लेखी कार्यपद्धतीपासून फारकत होती. फारकतीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. कार्यपद्धतीत ट्रान्समीटरवर 50 टक्के ठेवायला सांगितले होते. ऑपरेटरांनी त्याहून बरेच वर भरले. मी लिहिले, "ऑपरेटरांनी चुकून जास्त भरले." अहवाल सांगतो की आधीच्या स्टार्टअपमध्येही असेच भरले जात होते. पातळी खाली गेली तर फर्नेसला धोका, म्हणून वरच ठेवायची, अशी रीत पडली होती आणि कार्यपद्धती बदललेली नव्हती. ही चूक नव्हे, आणि "उल्लंघन" म्हणणेही बरोबर नाही, कारण त्याला शिस्तभंगाचा वास येतो. "लेखी कार्यपद्धतीपेक्षा वेगळी, रुळलेली रीत" असे लिहिले. लांब आहे, पण नेमके आहे.

"जबाबदार" हा शब्द काढून टाकला. बातम्यांमध्ये पाऊसही नुकसानीला जबाबदार असतो, पण ज्याने अपघात पाहिला आहे त्याच्या डोळ्यांपुढे या शब्दाने माणूसच येतो. केमिकल सेफ्टी बोर्ड दोष ठरवायला बसत नाही, कारणे शोधायला बसते. त्याचे निष्कर्ष नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाहीत, तसा अमेरिकेत कायदाच आहे. त्यामुळे "कारणीभूत" लिहायचे, "जबाबदार" नाही.

मूळ कारण आणि त्याच्या सोबतची कारणे यांत अहवाल स्पष्ट फरक करतो. पहिल्याला "मूळ कारण" हा रुळलेला शब्द आहे. दुसऱ्याला माझ्या शब्दसंग्रहात "हातभार लावणारे कारण" होते. ताई म्हणाल्या, "हातभार लग्नाला लावतात, चांगल्या कामाला लावतात. पंधरा माणसे गेली त्याला हातभार?" तो शब्द गेला. शीर्षकात "भर घालणारी कारणे" आणि वाक्यात "अपघातास कारणीभूत ठरलेल्या गोष्टींपैकी एक" असे ठरवले. "पैकी एक" महत्त्वाचे आहे, ते गळले की तीच गोष्ट एकमेव कारण होऊन बसते.

24 फेब्रुवारी

शक्यतेचे शब्द. वाफेचा ढग कशाने पेटला? अहवालाप्रमाणे सर्वाधिक शक्यता ब्लोडाउन ड्रमजवळ इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या डिझेल पिकअपची. मी "पिकअपमुळे ढग पेटला" लिहिले होते. ते सोपे होते, लगेच सुधारले.

अवघड होते ते दुसरे. ऑपरेटर 29 किंवा त्याहून अधिक दिवस सलग, रोज 12 तासांच्या पाळीत काम करत होते, त्यामुळे ते थकलेले असण्याची शक्यता होती, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. माझ्या मसुद्यात पुढच्या पानावर "थकलेल्या ऑपरेटरांनी" असे येऊन गेले. निष्कर्षातली शक्यता मी नावापुढे विशेषण म्हणून ठेवली आणि ती गुपचूप वस्तुस्थिती झाली. "-लेला" ची ही खोडच आहे, तो वादात न पडता विधान करून जातो. "नादुरुस्त अलार्म", "अपुऱ्या प्रशिक्षणाचे ऑपरेटर" अशी आणखी नऊ विशेषणे मिळाली. प्रत्येकाचे वाक्य केले, किंवा विशेषण काढले.

दिवसाचे अकरा तास. अंदाज तीन आठवड्यांचा होता, आता चौथा धरला.

28 फेब्रुवारी

पूर्ण मसुदा निवृत्त पॅनेल ऑपरेटर असलेल्या एका काकांना दिला. 30 वर्षे पॅनेलवर बसलेले. त्यांना आधी काहीच सांगितले नाही. वाचून झाल्यावर पाच प्रश्न विचारले. पहिला: "काका, 13:04 ला बोर्ड ऑपरेटरला पॅनेलवर काय दिसत होते?"

"158 फूट."

मी गप्प राहिलो. मग त्यांना ते वाक्य दाखवायला सांगितले. वाक्य असे होते: "13:04 वाजता प्रत्यक्ष पातळी 158 फूट होती, तर ट्रान्समीटरवर दर्शवलेली पातळी 78 टक्के होती." सगळे शब्द नियमाप्रमाणे बरोबर. पण काका म्हणाले, "आधी 158 वाचले, डोक्यात तेच बसले. आणि वेळेपुढे जे पहिले येते ते आम्ही पॅनेलवरचेच समजतो, लॉगबुक तसेच असते."

त्यांच्या लॉगबुकाची ही गोष्ट मला कुठल्याच शब्दकोशात मिळाली नसती. 158 फूट हा आकडा त्या दिवशी कुणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता. तो तपासणाऱ्यांनी मागाहून गणिताने काढला. माझ्या वाक्याने तो ऑपरेटरच्या पुढ्यात ठेवला होता. वाक्य फिरवले: "13:04 वाजता पॅनेलवर ट्रान्समीटर 78 टक्के दाखवत होता आणि आकडा उतरत होता. तपासात नंतर केलेल्या गणितानुसार त्या वेळी प्रत्यक्ष पातळी 158 फूट होती." सगळ्या जोड-वाक्यांत हाच क्रम केला: आधी पॅनेल, मग प्रत्यक्ष, आणि प्रत्यक्षाला त्याचा आधार. 14 वाक्ये बदलली. तक्त्याचा तो सहावा रकाना इथे कामाला आला.

बाकी चार प्रश्नांची उत्तरे बरोबर आली. दुसरा अलार्म वाजला का, हे विचारल्यावर काकांनी ताबडतोब "नाही" म्हटले आणि पुढे विचारले, "का नाही वाजला, ते कुठे आहे?" ते पुढच्या प्रकरणात आहे, माझ्या भागात नाही. त्या ओळीखाली प्रकरणाचा क्रमांक घातला.

4 मार्च

बदललेली 14 वाक्ये आणि त्यांच्या आजूबाजूची पाने काकांनाच पुन्हा दिली. पहिला प्रश्न पुन्हा विचारला.

"78 टक्के, आणि उतरत होते," काका म्हणाले. थोडा वेळ ते पानाकडे बघत राहिले. "मीही तिथे बसलो असतो तर टॉवर भरतोय असे मला वाटले नसते."

एकूण 131 तास. त्यातले 30 तास तक्त्याला, 14 तास बाद केलेल्या आणि पुन्हा केलेल्या पानांना. उद्या फाइल पाठवतो, तक्ता सोबत जोडून. शब्द बदलायची वेळ आली तर तक्ता पाहूनच बदलावा, असे पहिल्या पानावर लिहिले आहे.